दहा एचपीची गिरणी: तासाची वीज किती, आणि दळणावळीत ती किती धरायची

पुरंदर तालुक्यातल्या एका गावात दादा आणि वहिनी मिळून पिठाची गिरणी चालवतात. दहा एचपीची तीन फेज मोटार, पट्ट्यावर चालणारी सोळा इंची दगडाची चक्की, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि वहिनींची वही, एवढाच पसारा. दळणावळ सरसकट किलोला ६ रुपये. वर्षभरात बिल वाढलं म्हणून दादांच्या मनात ती ७ करायची होती. वहिनींना ते पटत नव्हतं. "भाऊजी, गिऱ्हाईक विचारतं, वीज एवढी महागली का? त्याला सांगायला आकडा तर पाहिजे ना," असं त्या म्हणाल्या. मोटारी बांधायचं आणि दुरुस्तीचं काम माझं, म्हणून आकडा काढायचं माझ्याकडे आलं.

दादांचा हिशेब बहुतेक गिरणीवाले करतात तसाच होता. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणून दहा एचपीला साधारण साडेसात किलोवॅट, म्हणजे तासाला साडेसात युनिट. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं की साडेदहा रुपये येतात, तेव्हा तासाला जवळजवळ ७९ रुपये. यात दोन्ही आकडे चुकीच्या जागी वापरलेले आहेत.

मोटारीच्या पाटीवरचे दहा एचपी म्हणजे ती मोटार पूर्ण भारावर शाफ्टला देऊ शकते ती ताकद. मीटरमधून ती किती वीज ओढते, हे पाटी सांगत नाही. पूर्ण भार असेल तर मोटारीतला अपव्यय धरून मीटरवर साडेसातपेक्षा जास्तच, साडेआठ किलोवॅटच्या आसपास दिसायला हवं. पण चक्की मोटारीला पूर्ण भार देतेच असं नाही. धान्य कोणतं, दगड किती आवळलेत, वरून धार किती सोडली आहे, यावर भार ठरतो. म्हणून पाटी वाचून तासाचा खर्च निघत नाही, तो मोजावाच लागतो. मोजायला वेगळं यंत्रही लागत नाही, भिंतीवरचं मीटर पुरतं.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी imp/kWh असं लिहून एक आकडा छापलेला असतो. या गिरणीच्या मीटरवर तो ८०० होता. अर्थ असा की दिवा ८०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. गिरणीतल्या ट्यूब आणि पंखा बंद केला, गव्हाचं दळण नेहमीच्या धारेला लागू दिलं, आणि मोबाइलच्या घड्याळावर ५० लुकलुकी मोजल्या. ३५.७ सेकंद लागले. सूत्र सोपं आहे:

```
kW = 3600 × लुकलुकी ÷ (imp/kWh × सेकंद)
3600 × 50 ÷ (800 × 35.7) = 6.3
```

म्हणजे गव्हाला ६.३ किलोवॅट. मोजणी तीनदा केली, कारण धार थोडी कमी-जास्त झाली तरी आकडा हलतो. मग ताळा म्हणून अर्धा तास सलग गहू दळून मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग घेतलं. ४५ किलो दळले गेले आणि ३.१५ युनिट पडले. दोन्ही वाटांनी उत्तर जुळलं, तेव्हाच पुढे गेलो. मीटरला सीटी, म्हणजे करंट कमी करून मीटरला देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर, लावलेले असतील तर त्यांच्या गुणकाने गुणावं लागतं, पण एवढ्या लहान जोडणीला ते सहसा नसतात. बिलावर गुणक अवयव छापलेला असतो, तो १ आहे का एवढं बघून घ्यावं.

मग हॉपर रिकामा करून, दगड सैल सोडून चक्की पोकळ फिरवली आणि पुन्हा मोजलं. २० लुकलुकींना सव्वासत्तेचाळीस सेकंदांच्या वर गेले, म्हणजे १.९ किलोवॅट. दादांनी लगेच त्यांचा क्लॅम्प मीटर आणून दाखवला. पोकळ फिरताना ६.६ अँपिअर आणि गहू दळताना १०.७. त्यांचं म्हणणं, पोकळ फिरतानाही साठ टक्के वीज जातेच, मग मोटार बंद-चालू करण्यात काय हशील? हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. पोकळ फिरणाऱ्या मोटारीच्या करंटचा मोठा भाग फक्त तिचं चुंबकीय क्षेत्र धरून ठेवण्यात जातो, त्या वेळी पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटचा खरं काम करणारा वाटा, ०.४ च्या आसपास घसरतो. युनिट अँपिअरवर पडत नाहीत. खरा भार साठ नाही, तीस टक्के होता. तरीही तो तीस टक्के पुढे किती महाग पडला, ते हिशेबात येईलच.

आता दुसरा आकडा, युनिटचा भाव. त्या महिन्याचं बिल २,९६९ रुपयांचं होतं आणि युनिट २८२. सरळ भागाकार साडेदहा रुपये देतो, पण त्या रकमेत दोन वेगळ्या जातीचे पैसे मिसळलेले आहेत. स्थिर आकार गिरणी चालली काय नि बंद राहिली काय, लागतोच. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार हे युनिटमागे लागतात. वीज शुल्क टक्क्यात असतं, म्हणून ते दोन्हीकडे वाटून टाकलं. या बिलातून आलं ते असं: स्थिर भाग ६०० रुपये आणि युनिटमागचा भाग ८ रुपये ४० पैसे. एक तास कमी चालवलं तर वाचतात ते ८.४० च्या भावाने, साडेदहाच्या नाही. दर बदलत राहतात, तेव्हा हे आकडे प्रत्येकाने आपल्या बिलावरून काढावेत. आणि त्याआधी बिलावर चालू रीडिंग व मागील रीडिंग खरोखर घेतलेलं आहे का ते पाहावं. सरासरीने आलेलं बिल या कामाला निरुपयोगी आहे.

तर गहू दळतानाचा तास ६.३ गुणिले ८.४०, म्हणजे ५३ रुपयांचा. दादांच्या ७९ पेक्षा बराच खाली. पोकळ फिरण्याचा तास १६ रुपयांचा.

पण गिऱ्हाईक तासाने दळण आणत नाही, किलोने आणतं. म्हणून तासाच्या खर्चाला तासाच्या किलोंनी भागायचं, आणि इथे प्रत्येक धान्याचा स्वभाव वेगळा निघतो. पोळीचं बारीक पीठ काढताना या चक्कीवर तासाला ९० किलो गहू होतो. ज्वारी आणि बाजरी इथे ११० किलोपर्यंत जाते, भार सहा किलोवॅटच्या थोडा वर. हरभऱ्याची डाळ सर्वांत चिवट. साडेसहा किलोवॅट ओढून तासाला ६५ किलोच बेसन पडतं. किलोमागची वीज म्हणून गव्हाला ५९ पैसे, ज्वारी-बाजरीला ४६ आणि बेसनाला ८४ पैसे आली. हे त्या चक्कीचे, त्या दगडांचे आकडे आहेत. शेजारच्या गावातल्या गिरणीला ते लागू पडणार नाहीत, पण काढायची रीत तीच.

इथपर्यंत सगळं सोपं वाटत होतं. महिन्याचा ताळा लावला आणि खरी गोष्ट बाहेर आली.

वहिनींच्या वहीत बिलाच्या रीडिंगच्या तारखांप्रमाणे महिन्याचं दळण मांडलं: गहू १,८०० किलो, ज्वारी-बाजरी १,०००, डाळी २००. एकूण तीन हजार. (तारखा जुळवणं महत्त्वाचं. वही पहिल्या तारखेपासून आणि बिल सतरा तारखेपासून असेल तर ताळा कधीच बसत नाही.) मोजलेल्या भारावरून या दळणाला २०१ युनिट लागायला हवे होते. बिलात २८२ होते. ट्यूब आणि पंखा मिळून शंभर वॅट, दिवसाला नऊ तास, सव्वीस दिवस, म्हणजे २३ युनिट. तरीही ५८ युनिट कुठे गेले ते कळेना.

मीटर पळतंय, असं दादांना वाटलं. पण अर्ध्या तासाची मोजणी आणि दिव्याची मोजणी जुळली होती, मोटार बंद असताना दिवा लुकलुकतही नव्हता. गळती नव्हती. उरली एकच गोष्ट, पोकळ फिरणं. ५८ युनिटला १.९ ने भागलं तर साडेतीस तास. सव्वीस दिवसांवर पसरलं तर रोजची सत्तर मिनिटं.

दादांना हे पटेना. म्हणून मी गव्हाचे, ज्वारी-बाजरीचे आणि डाळीचे तास मांडून दाखवले. तीन हजार किलो दळायला प्रत्यक्षात लागले होते बत्तीस तास. म्हणजे महिन्यात चक्की जेवढा वेळ दळत होती, जवळजवळ तेवढाच वेळ ती नुसती फिरत होती. दुसऱ्या दिवशी वहिनींनी गल्ल्यावर बसून वेळ टिपला, तेव्हा कारणंही दिसली. एक दळण संपलं की डबा भरून बांधून द्यायचा, पैसे घ्यायचे, दोन शब्द बोलायचे, मग पुढच्याचा डबा काट्यावर. बाजरीनंतर गहू आला की दगड पुन्हा आवळायचे, हॉपर झटकायचा. तेवढा वेळ मोटार चालूच. आणि दुपारी कोणी येईल या आशेवर चालू ठेवलेली दहा-पंधरा मिनिटं वेगळीच.

मोटार बंद करत का नाहीत? कारण प्रत्येक गिरणीत ऐकू येणारी समजूत: चालू करताना मोटार फार वीज खाते. चालू होताना करंट पाच-सहा पट उसळतो हे खरं, पण तो काही सेकंदांपुरता. आठ सेकंद वीस किलोवॅट धरले, तरी ०.०४४ युनिट होतात, सदतीस पैशांची वीज. पोकळ फिरण्याचा एक मिनिट सत्तावीस पैशांचा. म्हणजे दीड मिनिटाच्या आसपास दोन्ही सारखे होतात. त्याहून लांब खंड असेल तर बंद करण्यात फायदा आहे. मात्र इथे विजेपेक्षा मोटारीचा विचार करावा लागतो. तासात दहा-बारा वेळा चालू केली तर वाइंडिंग तापतं, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळतात, आणि एका रिवाइंडिंगचा खर्च वर्षाची बचत खाऊन टाकतो. म्हणून मी सांगितलं ते एवढंच: पुढचं दळण पाच मिनिटांत हॉपरमध्ये पडणार नसेल तर मोटार बंद, आणि तासाला चार-पाचपेक्षा जास्त वेळा चालू करायची वेळ येऊ द्यायची नाही. त्यासाठी दळणं साठवायची. वहिनींनी डब्यांना चिठ्ठ्या लावून सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ अशा दोन पाळ्या केल्या, आणि पाळीत आधी सगळा गहू, मग ज्वारी, शेवटी बाजरी असा क्रम ठेवला. घाईचं दळण असेल तर अर्थातच लगेच लागतं. गावात नाही म्हणता येत नाही.

पुढच्या बिलात पोकळ फिरण्याचे युनिट ५८ वरून पंचविसावर आले. पावणेतीनशे रुपये वाचले.

आता भावाकडे. त्या पहिल्या महिन्याचं २,९६९ चं बिल तीन हजार किलोवर पसरलं तर किलोला ९९ पैसे. त्यातले ५६ पैसे खऱ्या दळण्याचे, १६ पोकळ फिरण्याचे, ६ दिव्या-पंख्याचे आणि २० स्थिर आकाराचे. म्हणजे ६ रुपये दळणावळीत वीज एक रुपया. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढून युनिटमागचा भाग आणि स्थिर भाग तसाच वेगळा केला, तर ७.६० आणि ५४० आले. तेवढ्याच युनिटांवर फरक २८६ रुपयांचा, किलोला साडेनऊ पैसे. वहिनींना हवा होता तो आकडा हा. विजेच्या नावावर एक रुपया वाढवणं खरं ठरलं नसतं. दगडांना टाकी लावून पुन्हा खरखरीत करायची मजुरी, पट्टा, मदतनीसाचा रोज वाढला असेल तर भाव वाढवावा, पण तसं सांगून.

माझ्या मते इथे सरसकट भावातच गडबड होती. गिरणी विकते तो चक्कीचा वेळ. गव्हाच्या एका तासात ९० किलो गुणिले ६, म्हणजे ५४० रुपये येतात. त्याच तासात बेसन दळलं तर ६५ गुणिले ६, म्हणजे ३९०. विजेचा फरक किलोला पंचवीस पैसेच आहे, पण तासाची कमाई दीडशेने घसरते. बेसनाने गव्हाएवढं कमवायचं तर ५४० ला ६५ ने भागून ८ रुपये ३० पैसे, आणि विजेचे पंचवीस वर, म्हणजे साडेआठ. वहिनींनी ९ ठेवला. उलट बाजरीचा भाव पाचवर आणता आला असता, कारण ती लवकर उरकते. मी तसं सुचवलंही. त्यांनी नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं: बाजरीनंतर गहू लावायचा तर चक्कीतलं काळपट पीठ निघून जाईपर्यंत किलो-अर्धा किलो गहू वाया घालवावा लागतो, तो कोणाच्या तरी डब्यातून जातो. तो त्रास बाजरीनेच भरायला हवा.

दुसरी दुरुस्ती लहान दळणांची. दळण दोन किलोचं असो की वीस, दगड जुळवायला आणि डबे बदलायला दोन मिनिटं जातातच. ती दोन मिनिटं पोकळ फिरली तर ५३ पैसे. वीस किलोवर ते तीन पैशांनाही पोचत नाहीत, दोन किलोवर मात्र किलोला सत्तावीस पैसे होतात. आणि विजेपेक्षा माणसाचा वेळ जातो तो वेगळाच. म्हणून किमान दळणावळ १५ रुपये ठरली. फळ्यावर खडूने लिहिली, आणि आठवड्याभरात दोन-दोन किलोचे डबे पाच-पाच किलोचे होऊन येऊ लागले. एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांना वहिनी जुनाच भाव लावतात. ते फळ्यावर नाही.

महिन्याला दोनशे किलो डाळीवर तीन रुपये जास्त, म्हणजे सहाशे, आणि पोकळ फिरणं कमी झाल्याचे पावणेतीनशे. बिलातली २८६ ची वाढ एवढ्यात भरून निघाली आणि गव्हाची दळणावळ ६ रुपयेच राहिली.

हे आकडे कायम टिकत नाहीत, आणि बिघडतात ते बहुतेक दगडामुळे. टाकी उतरली की दगड धान्य कापायच्या ऐवजी चिरडतो. पीठ हाताला चटका लागेल इतकं गरम येतं, बारीक करायला दगड जास्त आवळावे लागतात, भार चढतो आणि किलो कमी पडतात. टाकी लावायच्या आधी याच चक्कीवर मोजलं होतं तेव्हा गहू तासाला ७२ किलोच होत होता आणि भार ६.६ किलोवॅट. किलोची वीज ७७ पैसे, म्हणजे ताज्या टाकीपेक्षा अठरा पैसे जास्त. शिवाय तासाला अठरा किलोची कमाई गेली ती वेगळीच. आता वहिनी पंधरा दिवसांनी एकदा ५० किलोचं गव्हाचं पोतं सलग दळून मीटर वाचतात. साडेतीन युनिट आले तर ठीक, चारच्या वर गेले की टाकीवाल्याला फोन. आकडा वाढूनही पीठ थंड येत असेल तर आधी पट्टा बघायचा. तो घसरत असतो, पुलीजवळ जळका वास येतो आणि काळी भुकटी पडलेली दिसते. पावसाळ्यात दमट गव्हानेही आकडा चढतो, तेव्हा दगडाला दोष देण्याआधी गहू दाताखाली धरून बघावा. कट्कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला.

स्थिर आकाराचे वीस पैसेही तीन हजार किलो धरूनच आहेत. श्रावणात दळण अठराशेवर आलं, तेव्हा तेच ६०० रुपये किलोला तेहेतीस पैसे झाले. त्यामुळे भाव ठरवताना भरल्या महिन्याचा आकडा धरू नये, बारा महिन्यांचे किलो आणि बारा महिन्यांची बिलं घेऊनच भागावं. वहिनींकडे आठ महिन्यांचीच वही नीट होती, म्हणून बाकीचे चार महिने भरेपर्यंत गव्हाच्या भावाला हात लावायचा नाही, असं ठरलं.

दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या भाजणीची दळणं सुरू झाली. भाजलेल्या डाळी-तांदळाचं मिश्रण, तीन-तीन चार-चार किलोचे डबे, प्रत्येकीला आपलं पीठ दुसरीच्या पिठात मिसळायला नको. दोन डबे मोजले तर तासाला ५० किलोच्या आसपास वेग आला. ५४० भागिले ५० म्हणजे जवळजवळ अकरा रुपये, आणि मधली झाडझूड धरून वहिनींनी भाजणी १२ रुपये किलो, किमान ३० रुपये, असं फळ्यावर लिहिलं. भाजणीसाठी दुपारी दोन ते चार अशी तिसरी पाळी काढली, म्हणजे संध्याकाळच्या गव्हात मोटार अडकून राहत नाही.